ताशी साडेबारा पौंड: महिन्याचे किती, वर्षाचे किती?

प्रश्न : मी रेडिंगमध्ये राहते. १ सप्टेंबरपासून एका कपड्यांच्या दुकानात ताशी साडेबारा पौंडांवर अर्धवेळ काम करते. करारात तास ठरलेले नाहीत. रोटा लागेल तसे जायचे. कधी आठवड्याला चोवीस तास मिळतात, कधी आठ, आणि ऑक्टोबरच्या तोंडावरचा एक आठवडा तर कोराच गेला. पगार दर चार आठवड्यांनी येतो : पे-स्लिपवर आतापर्यंत ९२५, ८०० आणि ८२५ पौंड. नवीन घरासाठी अर्ज करताना एजंटने माझे वार्षिक उत्पन्न विचारले आहे. यजमान म्हणतात, वीस तास धर, चार आठवड्यांचा महिना धर, हजार झाले, वर्षाचे बारा हजार लिही. मला ते पटत नाही, पण बरोबर काय तेही सांगता येत नाही. नोव्हेंबरअखेरपर्यंतचे तास सोबत लिहिले आहेत. — एक वाचक, रेडिंग

उत्तर : ताई, अर्जावर वर्षाचे ११,०५० पौंड लिहा आणि महिन्याचे विचारले तर ९२० लिहा. दोन्ही आकडे कपातीपूर्वीचे आहेत आणि दोन्ही अंदाज आहेत, पण ते आपल्याच कागदांवरून निघतात आणि एजंटने पे-स्लिपा मागितल्या तर त्यांच्याशी जुळतात. ते कसे निघाले हे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या उन्हाळ्यात तास बदलले की हाच हिशेब आपल्याला पुन्हा करावा लागणार आहे.

आपण पाठवलेले तेरा आठवड्यांचे तास असे आहेत : १८, २४, १२, २०, ०, २६, १६, २२, ८, २४, २०, १४ आणि १७. योगायोग असा की २०२५ मध्ये १ सप्टेंबरला सोमवार होता आणि ३० नोव्हेंबरला रविवार, त्यामुळे या तीन महिन्यांत बरोबर तेरा आठवडे बसतात आणि अर्ध्या आठवड्याचे तुकडे जोडण्याची कटकट उरत नाही. बेरीज २२१ तास होते. तिला तेराने भागले की आठवड्याला १७ तास येतात. सतरा तासांचे साडेबारा पौंडांनी २१२ पौंड ५० पेन्स होतात. वर्षाचे आठवडे ५२ धरले तर ११,०५० पौंड, आणि त्याला बाराने भागले तर महिन्याचे ९२० पौंड ८३ पेन्स. आधी आठवडा, मग वर्ष आणि शेवटी महिना, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. आठवड्यावरून थेट महिन्यावर उडी मारली की पाय घसरतो, आणि यजमानांचा नेमका तिथेच घसरला आहे.

त्यांच्या हिशेबात खरे तर दोन चुका आहेत, आणि गंमत अशी की त्या एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात. वीस तास हा सरासरी आकडा नसून 'साधारण बऱ्या आठवड्याचा' आकडा आहे. माणसाला भरलेले आठवडे लक्षात राहतात, आठ तासांचा किंवा कोरा गेलेला आठवडा विस्मरणात जातो. इथे आठवड्यामागे तीन तास जास्त धरले गेले. दुसरीकडे महिना चार आठवड्यांचा धरल्याने वर्षाचे आठवडे ५२ ऐवजी ४८ झाले, म्हणजे चार आठवडे हवेतच विरले. महिना सरासरीने चार आठवड्यांचा नसून ४.३३ आठवड्यांचा असतो, कारण ५२ ला १२ ने भागले की तेवढेच येते. एक चूक वर ओढते, दुसरी खाली ओढते, आणि उत्तर खऱ्याच्या साडेनऊशे पौंडांच्या आत येऊन थांबते. असे जवळपास आलेले चुकीचे उत्तर फार चिवट असते, कारण ते कुणी तपासून पाहत नाही. उद्या यजमानांनी तास सुधारून सतरा धरले आणि महिना मात्र चार आठवड्यांचाच ठेवला, तर वर्षाचे १०,२०० येतील. म्हणजे एक चूक दुरुस्त केल्यावर उत्तर वरून घसरून खऱ्यापेक्षा साडेआठशे पौंडांनी खाली जाईल.

हे साडेआठशे पौंड कुठले ते आपल्या पे-स्लिपांवर स्वच्छ दिसते. पहिल्या चार आठवड्यांचे ७४ तास, म्हणजे ९२५ पौंड. पुढच्या चारांचे ६४ तास, म्हणजे ८००. त्यापुढच्या चारांचे ६६ तास, म्हणजे ८२५. तिन्हींची सरासरी ८५० पौंड आहे. पगार दर अठ्ठावीस दिवसांनी येत असल्यामुळे वर्षात पगाराचे वार बारा नव्हे, तेरा येतात. ८५० ला तेराने गुणले की पुन्हा तेच ११,०५०, आणि बाराने गुणले की १०,२००. चार आठवड्यांच्या पगाराला 'महिन्याचा पगार' म्हणण्याची सवय लागली की तेरावा पगार हिशेबातून कायमचा निसटतो. मी पेरोलच्या खात्यात वीसेक वर्षे काढली, आणि पगाराबद्दल विचारायला खिडकीशी येणाऱ्यांपैकी निम्म्यांची शंका याच तेराव्या पगाराशी येऊन ठेपायची.

आता त्या कोऱ्या आठवड्याकडे येऊ, कारण सगळ्या हिशेबातली खरी मेख तिथे आहे. मी तो शून्य म्हणून मोजला आणि भागाकार तेरानेच केला. तो वगळून बाराने भागले असते, तर सरासरी १८.४२ तास आली असती आणि वर्षाचे उत्पन्न सुमारे ११,९७० पौंड दिसले असते. एका शून्याने ९२० पौंडांचा, म्हणजे पुऱ्या एका महिन्याच्या पगाराचा फरक पडतो. आपण हा हिशेब संगणकावर तक्त्यात करणार असाल, तर इथे एक खड्डा आहे. तास बी स्तंभात लिहून पुढील सूत्र घातले,

```
=AVERAGE(B2:B14)
```

आणि कोऱ्या आठवड्याची चौकट रिकामीच सोडली, तर तक्ता ती चौकट मोजतच नाही. तो मुकाट्याने बाराने भागतो आणि १८.४२ दाखवतो. त्याच चौकटीत ० लिहिले की तो तेराने भागतो आणि १७ दाखवतो. त्यामुळे काम न मिळालेल्या आठवड्यापुढे शून्य हाताने लिहायचे, किंवा सरासरीचे सूत्र न वापरता बेरीज करून आठवड्यांच्या संख्येने स्वतः भागायचे.

मात्र शून्य मोजायचे की नाही, हे तो आठवडा कशामुळे कोरा गेला यावर अवलंबून आहे, आणि ते आपल्या पत्रात नाही. दुकानाने शिफ्टच दिल्या नसतील, तर शून्य मोजलेच पाहिजे; असे आठवडे पुढेही येणार आहेत आणि करारात तास ठरलेले नसल्यामुळे त्यांची भरपाई कुणी देणार नाही. परंतु तो नवरात्राचा शेवट आणि दसऱ्याचा आठवडा होता, म्हणून विचारतो : सुट्टी आपणच मागून घेतली होती का? तसे असेल तर गोष्ट वेगळी होते, कारण इथल्या कायद्याने आपल्यालाही पगारी रजा आहे. तास अनिश्चित आहेत, करार झिरो अवर्सचा आहे, म्हणून रजा नाही, असे अनेक जण समजून बसतात, आणि काही मॅनेजर तो समज दूर करण्याची घाई करत नाहीत.

ही रजा वर्षाला ५.६ आठवड्यांची असते. ज्यांचे तास ठरलेले नाहीत त्यांच्यासाठी ती केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के या दराने साठत जाते. हा चमत्कारिक आकडा कुठून आला, ते एकदा समजले की पुढचा गोंधळ टळतो. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजेचे ५.६ वजा केले की कामाचे ४६.४ उरतात, आणि ५.६ ला ४६.४ ने भागले की १२.०७ टक्के येतात. म्हणजे कामाच्या प्रत्येक शंभर तासांमागे बारा तासांची पगारी रजा. आपल्या २२१ तासांवर सुमारे साडेसव्वीस तासांची रजा साठली आहे, आणि साडेबारा पौंडांनी तिची किंमत सव्वातीनशेच्या किंचित वर जाते.

काही मालक रजा अशी साठवत नाहीत. ते प्रत्येक पगारातच १२.०७ टक्के जास्तीचे देऊन टाकतात आणि प्रत्यक्ष सुट्टीच्या दिवसांत मग काही देत नाहीत. १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून अनिश्चित तासांच्या कामगारांसाठी ही पद्धत कायदेशीर आहे, पण ती रक्कम पे-स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसायला हवी. आपल्याकडे कोणती पद्धत आहे, हे मी इथे बसून सांगू शकतो. ७४ तासांना साडेबाराने गुणले की नेमके ९२५ होतात, एक पेनीही वर नाही. मिसळलेली रजा असती तर तासाला सुमारे चौदा पौंड पडले असते आणि तोच पगार १,०३६ च्या आसपास गेला असता. तेव्हा आपली रजा साठते आहे, आणि ती मागितल्याशिवाय मिळणार नाही. दसऱ्याची सुट्टी आपणच घेतली असेल आणि तिचे पैसे मिळाले नसतील, तर रजेच्या साठ्यातून ती पगारी मागता आली असती का, एवढे मॅनेजरला जरूर विचारा. साठलेली रजा रजावर्षात वापरली नाही तर ती सहसा बुडते. तिचे पैसे हातात पडतात ते नोकरी सोडताना.

या रजेमुळे वार्षिक आकड्यात काय बदलते? बरोबर हिशेब केला तर काहीच नाही, आणि लोक चुकतात ते इथेच. ५२ ने गुणताना आपण रजेचे आठवडेही पगारी धरलेलेच असतात. पडताळा घ्यायचा असेल तर दुसऱ्या वाटेने चला : कामाचे ४६.४ आठवडे गुणिले १७ तास गुणिले साडेबारा, म्हणजे ९,८६० पौंड, त्यावर १२.०७ टक्के रजेचे १,१९० पौंड, एकूण ११,०५०. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. मात्र ५२ आठवड्यांनी गुणून आलेल्या ११,०५० वर पुन्हा १२.०७ टक्के चढवले, तर १२,३८४ येतात आणि रजा दोनदा मोजली जाते. ज्यांच्या पगारात रजेची रक्कम आधीच मिसळलेली असते, त्यांनी उलट बाजूने जपायचे : पे-स्लिपवरच्या एकूण रकमेची सरासरी काढून तिला ५२ ने गुणायचे नाही, सुट्टीला जाण्याचे आठवडे वजा करून गुणायचे.

शून्याविषयी आणखी एक खुलासा करायला हवा, नाहीतर कुणी सरकारी माहितीपत्रक पुढे करून मला खोटे पाडेल. रजेच्या एका आठवड्याचे पैसे किती, हे गेल्या ५२ आठवड्यांच्या सरासरीवरून ठरवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात बिनपगारी आठवडे वगळतात आणि त्यांच्या जागी आणखी मागचे आठवडे घेतात. तिथे ते योग्यच आहे, कारण रजेवर असताना कामगाराला कामाच्या आठवड्याइतके पैसे मिळावेत, हा त्या नियमाचा हेतू आहे. आपला प्रश्न मात्र वर्षभरात हातात किती येईल हा आहे, आणि कोरे आठवडे वर्षाचाच भाग असतात.

आता या १७ तासांवर भरवसा किती ठेवायचा? मनापासून सांगायचे तर मध्यम. तेरा आठवडे हा बरा नमुना आहे, पण तो शरद ऋतूचा आहे. कपड्यांच्या दुकानात नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळपर्यंत तास फुगतात, आणि जानेवारीतला सेल ओसरला की फेब्रुवारी-मार्चमध्ये रोटा आक्रसतो. मी या देशात आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात एका गोदामात तासावर कामाला होतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या आठ आठवड्यांची सरासरी एकतीस तास निघाली, तिच्यावर वर्षाचा आकडा बांधला आणि त्या भरवशावर जुनी गाडी हप्त्यांवर घेतली. फेब्रुवारीत आठवड्याला अकरा तास मिळू लागले. गणितात चूक नव्हती. नमुनाच नाताळचा होता. म्हणून डिसेंबरचे तास हाती आले की ते सरासरीत घालून आकडा वाढवण्याचा मोह आवरा. घालायचेच तर फेब्रुवारीचेही येईपर्यंत थांबून दोन्ही एकदम घाला. पुढच्या ऑगस्टअखेरीस आपल्याकडे पुरे ५२ आठवडे असतील, तेव्हा अंदाजाची गरजच उरणार नाही.

तास मोजताना रोट्यावरचे न घेता पे-स्लिपवरचे घ्या. रोट्यावर ९ ते साडेतीन अशी शिफ्ट असेल तर ती साडेसहा तासांची दिसते, पण मधली अर्ध्या तासाची सुट्टी बहुतेक दुकानांत बिनपगारी असते, आणि पगार सहाच तासांचा होतो. सहा तासांहून जास्त कामाला वीस मिनिटांची विश्रांती देणे मालकाला बंधनकारक आहे; तिचे पैसे देणे मात्र करारावर सोडलेले आहे. आठवड्याला अशा तीन शिफ्ट झाल्या तर रोटा आणि पगार यांत दीड तासाचा, म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून अधिक पौंडांचा फरक पडतो. वहीत लिहिताना पाच तास पंचेचाळीस मिनिटे ही ५.७५ अशी लिहायची, ५.४५ अशी नव्हे, हेही सांगून ठेवतो. सुशिक्षित माणसेसुद्धा इथे हमखास फसतात.

एजंटला कपातीपूर्वीचा आकडा हवा असतो, म्हणून इतका वेळ त्याच्याबद्दल बोललो. घरखर्चासाठी मात्र हातात पडणारी रक्कम बघावी लागेल. २०२५-२६ या वर्षात पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही, त्यामुळे वर्षाच्या मापाने आपला आयकर शून्य आहे. नॅशनल इन्शुरन्सचा हिशेब वेगळा आहे : तो वर्षाचा नसून प्रत्येक पगाराचा स्वतंत्र होतो. आठवड्याला २४२ पौंडांची, म्हणजे चार आठवड्यांच्या पगाराला ९६८ पौंडांची मर्यादा आहे, आणि तिच्या वरच्या भागावर ८ टक्के कापले जातात. आपले तिन्ही पगार या रेषेच्या खाली आहेत. पण डिसेंबरात चार आठवडे चोवीस-चोवीस तास मिळाले, तर पगार १,२०० होईल आणि वरच्या २३२ पौंडांवर साडेअठरा पौंड जातील. फेब्रुवारीत पगार खाली आला म्हणून ते परत मिळत नाहीत. तेवढेच पैसे वर्षभर सारखे विभागून मिळाले असते, तर एक पेनीही कापली गेली नसती. अनियमित तासांची ही एक छोटीशी किंमत आहे.

डिसेंबरच्या त्या मोठ्या पगारातून आयकरही कापलेला दिसला, तर पे-स्लिपवरचा टॅक्स कोड पाहा. नुसता `1257L` असेल तर हिशेब एप्रिलपासून एकत्र चालतो, आणि सप्टेंबरपूर्वी आपण इथे कमावत नसाल तर तेव्हाची सवलतही जमेस असते. कर लागणार नाही. त्यापुढे `W1`, `M1` किंवा `X` असेल, तर प्रत्येक पगार सुटा धरला जातो आणि १,२०० वर सुमारे शेहेचाळीस पौंड कापले जातील. ते परत मिळतात, पण त्यासाठी कोड दुरुस्त व्हावा लागतो. एचएमआरसीला आपल्या नोकरीची माहिती नीट पोहोचलेली नसल्याचे हे सहसा लक्षण असते, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात माहिती तपासून घ्या.

आणखी एक कपात येण्याचा संभव आहे, ती पेन्शनची. बावीस वर्षांवरच्या कामगाराचा चार आठवड्यांचा पगार ७६८ पौंडांवर गेला की मालकाने त्याला पेन्शन योजनेत आपोआप घालायचे असते. पहिले तीन महिने ते पुढे ढकलण्याची त्याला मुभा आहे. आपले तीन महिने नुकतेच संपले, म्हणून पुढच्या पे-स्लिपवर ही ओळ उगवली तर दचकू नका. कपात ४८० पौंडांच्या वरच्या भागावर होते, त्यामुळे ८५० च्या पगारातून योजनेच्या प्रकाराप्रमाणे पंधरा ते एकोणीस पौंड जातील. मालकालाही आपल्या बाजूने भर घालावी लागते, म्हणून केवळ हातातली रक्कम घटते या कारणाने योजनेतून बाहेर पडण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

घरखर्च मांडताना ९२० चा आकडा वापरू नका. तो वर्षाचा बारावा हिस्सा आहे, आणि कुठल्याही महिन्यात तो तसाच्या तसा खात्यात उतरणार नाही. पगार अठ्ठावीस दिवसांनी आणि भाडे महिन्याने, त्यामुळे पगाराची तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकत राहते; वर्षातले अकरा महिने एकच पगार येतो, आणि एका महिन्यात दोन. म्हणून भाडे, वीज, कौन्सिल टॅक्स या ठरलेल्या देण्यांत आपला वाटा मांडताना आजवरचा सर्वांत कमी पगार, म्हणजे ८०० पौंड धरा. दोन पगारांचा महिना कोणता, ते कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवा, आणि तो जादा पगार फेब्रुवारीसारख्या कोरड्या महिन्यांसाठी राखा.

एजंटच्या बाजूनेही एक हिशेब असतो, तो माहीत असलेला बरा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या अर्जाची तपासणी करताना वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या तीसपट असावे, असा ठोकताळा सर्रास वापरतात. आपल्या ११,०५० वर त्यांच्या लेखी महिना ३६८ पौंड भाडे पेलते, बारा हजारांवर ४००. यजमानांचे उत्पन्न जोडल्यावर या बत्तीस पौंडांनी अर्ज अडेल असे वाटत नाही. उलट अर्जावर बारा हजार आणि पे-स्लिपांवर तेराने गुणले तरी ११,०५० असा मेळ बसला नाही, तर पुढचे प्रश्न तुम्हां दोघांच्याही कागदांवर येतील. अर्जात जागा असेल तर असे लिहा : 'ताशी १२.५० पौंड, १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर २०२५ या तेरा आठवड्यांत सरासरी १७ तास, अंदाजे वार्षिक उत्पन्न कपातीपूर्वी ११,०५० पौंड. करारात तास निश्चित नाहीत', आणि तिन्ही पे-स्लिपा जोडा.

हे सदर वाचणारे विद्यार्थीही बरेच आहेत, म्हणून एक सूचना. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रम करणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची जी मर्यादा आहे, तिला सरासरी लागू होत नाही. ती सोमवार ते रविवार अशा प्रत्येक आठवड्याला स्वतंत्र लागते. या ताईंच्या तक्त्यात सरासरी सतरा आहे, तरीही २४, २६ आणि २२ तासांचे आठवडे आहेत. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो व्हिसाच्या अटींचा भंग ठरेल.

आणि ताई, एप्रिलकडे लक्ष ठेवा. एकवीस वर्षांवरच्यांसाठी कायद्याने ठरलेला किमान दर २०२५-२६ या वर्षात ताशी १२.२१ पौंड आहे, म्हणून आपले साडेबारा त्याच्या वर आहेत. १ एप्रिल २०२६ पासून तो १२.७१ ठरला आहे. तेव्हा दुकानाला आपला दर किमान एकवीस पेन्सनी वाढवावाच लागेल. डिसेंबरपासूनच्या पुढच्या ५२ आठवड्यांत ढोबळमानाने सतरा आठवडे जुन्या दराचे आणि पस्तीस नव्या दराचे धरले, तर वर्षाचे सुमारे ११,१७५ पौंड होतात. अर्जावर मात्र आजच्या दराचे ११,०५० च लिहा, आणि एप्रिलनंतरच्या पहिल्या पे-स्लिपवर तासांपुढचा दर बदलला आहे ना, ते पाहा. चार आठवड्यांचा पगार मोडून दोन ओळींत दाखवला असेल, तर ३१ मार्चपर्यंतचे तास आणि नंतरचे तास वेगवेगळे मोजून ताडा.